मी रजेवर होतो : तक्रार समितीसमोर वाचलेलं निवेदन

(येळवशीला गावी आलेल्या पोरांसमोर बेंबळीत एका संध्याकाळी झालेलं हे बोलणं. बोलणारा चाकणच्या एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. त्याचं आणि कंपनीचं नाव त्यानंच घेतलेलं नाही. रेकॉर्डिंग ऐकून जसं बोलला तसंच लिहिलंय, मधले ‘हां’ आणि ‘काय म्हणतात ते’ तेवढे कमी केलेत.)

सगळे जेवलात ना? आंबील जास्त झाली असेल तर भिंतीला टेकून बसा, झोप आली तरी मला राग नाही. इथं बसलेल्यांपैकी निम्मे चाकण, रांजणगाव, नाहीतर हडपसरला आहात. म्हणून हे सांगतोय. २०२३ च्या जुलैमध्ये मला कामावरून काढलं होतं. कावीळ झाली होती, रजा मंजूर होती, आणि मी इथंच, आपल्या बेंबळीत, ओसरीवर खाटेवर पडून होतो. पत्र पोस्टमननं आणून दिलं. आबांनी सही केली. त्यांना वाटलं, पीकविम्याचं असेल.

त्यानंतर मी कंपनीच्या तक्रार निवारण समितीपुढं एक निवेदन वाचलं. ते आजही माझ्याकडं आहे, तेच थोडं थोडं वाचतो. मधे मधे थांबून सांगतो की कुठलं वाक्य का लिहिलं, आणि कुठलं खोडलं. खोडलेलं जास्त आहे.

आधी झालं काय ते ऐका.

३ जुलैला, सोमवारी, ईएसआयच्या दवाखान्यात गेलो. डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. रक्त तपासलं, बिलिरुबिन साडेनऊच्या पुढं. आता माझा पगार तेव्हा २१ हजारांच्या आत होता, म्हणून मी ईएसआयमध्ये होतो. तुमच्या पगाराच्या चिठ्ठीवर पाऊण टक्का कापलेला दिसतो ना, तोच. डॉक्टरनं सात दिवसांचा पहिला दाखला दिला आणि सांगितलं की महिनाभर तरी कामाचं नाव काढू नका. त्याच रात्री मी कंपनीच्या ॲपवर ३ जुलै ते ५ ऑगस्ट अशी रजा टाकली, दाखल्याचा फोटो जोडला. दुसऱ्या दिवशी सुपरवायझरनं मंजूर केली. ॲपवर हिरव्या अक्षरात आलं, `Approved`. आणि एक मेलही आला. तो मेल माझ्या स्वतःच्या जीमेलवर आला, हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

१० जुलैला परत दवाखान्यात गेलो. डॉक्टर म्हणाले, अजून चार आठवडे. मी म्हणालो, साहेब, खोलीवर चार जण राहतो, जेवण मेसचं, तेलकट. गावी जाऊ का? त्यांनी कागदावर लिहून दिलं की गावी राहायला परवानगी आहे, आणि लांब मुदतीचा दाखला दिला. तो दाखला अपलोड करायचा होता. पण कंपनीचं पोर्टल कंपनीच्या वायफायवरच नीट चालायचं. पहिल्यांदा रजा टाकताना कसंबसं चाललं, यावेळी गोल गोल फिरत राहिलं. मग मी फोटो काढून सुपरवायझरला व्हॉट्सॲप केला. दुपारी १ वाजून १२ मिनिटांनी. त्यांचं उत्तर आलं, `Ok tc`. मी समजलो, झालं काम. १२ तारखेला एसटीनं गावी आलो.

इथं आल्यावर माय म्हणाली, "गोळ्या खा, पण कावीळ उतरवून घ्यायचीच." नेलं मला. गळ्यात माळ घातली. मी घालू दिली. नाकात रस टाकायचं मात्र नको म्हणालो. ते असो.

२९ जुलैला पत्र आलं. पत्रावर तारीख २४ जुलै. मजकूर असा होता की तुम्ही १० जुलैपासून विनापरवानगी गैरहजर आहात, १३ आणि १८ जुलैला नोटीस पाठवूनही तुम्ही हजर झाला नाहीत, सबब स्थायी आदेशांनुसार तुम्ही स्वतःहून नोकरी सोडली असं समजण्यात येत आहे. मी ॲप उघडायला गेलो तर लॉगिन बंद. म्हणजे ते हिरवं `Approved` आता मला दिसणारच नव्हतं.

नोकरी गेल्यापेक्षा त्या ‘स्वतःहून सोडली’ या शब्दांनी जास्त लागलं मला. आबा सोयाबीनच्या कोळपणीवर होते, त्यांना संध्याकाळपर्यंत सांगितलंच नाही.

आता निवेदन. पहिला मसुदा मी त्याच रात्री लिहिला. चार पानं. त्यात काय होतं? बिलिरुबिनचे आकडे, उलट्या, वजन किती कमी झालं, बहिणीचं लग्न ठरलेलं, घरावरचं कर्ज, चार वर्षांत एकदाही उशीर नाही, आणि शेवटी ‘माझ्यावर अन्याय झाला आहे’ असं तीन वेळा. आमच्या चाकणच्या खोलीशेजारी एक काका राहायचे, निवृत्त, उभा जन्म युनियनचं काम केलेले. त्यांना मसुद्याचा फोटो पाठवला. त्यांचा फोन आला. म्हणाले, "हे चांगलंय, पण हे दवाखान्यात वाचायचं आहे. तू आजारी होतास का, हा वाद कंपनीनं घातलाय का?"

मी पत्र परत वाचलं. खरंच, पत्रात कुठंही लिहिलं नव्हतं की तू आजारी नव्हतास. पत्रात लिहिलं होतं की तू गैरहजर होतास. म्हणजे मला सिद्ध करायचं होतं की मी रजेवर होतो. आजार हे रजेचं कारण झालं. पण मी घरी बसू शकलो ते माझ्या आजाराच्या जोरावर नाही, त्यांच्या मंजुरीच्या जोरावर. चार पानांत मंजुरीबद्दल फक्त एक ओळ होती, ती पण तिसऱ्या पानावर.

मग दुसरं लिहिलं. ते दीड पानाचं झालं. सुरुवात वाचतो.

"मा. अध्यक्ष व सदस्य, तक्रार निवारण समिती. मी तपासणी विभागात १२ ऑगस्ट २०१९ पासून कायम कामगार आहे. २४ जुलै २०२३ च्या पत्राने मला १० जुलैपासून विनापरवानगी गैरहजर ठरवून माझी सेवा संपवण्यात आली. १० जुलै रोजी आणि २४ जुलै रोजीही मी मंजूर रजेवर होतो. या निवेदनात मी एवढेच दाखवणार आहे."

एवढंच. ‘अन्याय’ हा शब्द पूर्ण निवेदनात नाही. काकांनी खोडला. म्हणाले, तो निष्कर्ष आहे, तो समितीनं काढायचा.

पुढचा परिच्छेद.

"४ जुलै रोजी माझी ३ जुलै ते ५ ऑगस्ट ही रजा मंजूर झाली. मंजुरीचा मेल जोडला आहे, जोडपत्र १. रजेच्या अर्जात ‘रजेच्या काळातील पत्ता’ या रकान्यात मी बेंबळी, तालुका व जिल्हा धाराशिव हा पत्ता लिहिला आहे. १३ व १८ जुलैच्या नोटिसा माझ्या चाकण येथील पत्त्यावर पाठवण्यात आल्या. त्या मला मिळालेल्या नाहीत. २४ जुलैचे पत्र मात्र बेंबळीच्या पत्त्यावर आले व २९ जुलै रोजी मिळाले."

इथं थांबतो. ही ओळ लिहिताना मला स्वतःलाच धक्का बसला. हजर व्हा म्हणून सांगणारी नोटीस चाकणला, आणि काढलं म्हणून सांगणारं पत्र बेंबळीला. म्हणजे गावचा पत्ता त्यांच्याकडं होता. मी यावर टोमणा मारला होता मसुद्यात. काकांनी तोही खोडला. तारखा आणि पत्ते नुसते शेजारी ठेव, म्हणाले, वाचणारा स्वतःच थांबेल. आणि खरंच, वाचताना समितीतल्या एका बाईंनी मान वर करून पत्राचं पाकीट मागितलं.

तुम्ही रजा टाकताना तो पत्त्याचा रकाना कसा भरता? मला माहितीय. एक टिंब देता नाहीतर `NA` लिहिता. मी पण नेहमी तेच करायचो. त्या दिवशी तापात कसा काय पूर्ण पत्ता लिहिला देव जाणे.

आता सगळ्यात अवघड परिच्छेद. कारण यात माझी चूक आहे.

"१० जुलैचा दुसरा दाखला मी पोर्टलवर अपलोड केलेला नाही. तो मी त्याच दिवशी दुपारी १.१२ वाजता माझ्या सुपरवायझरना व्हॉट्सॲपवर पाठवला व त्यांची पोच मिळाली. संभाषणाची प्रत जोडपत्र ३. दाखला पोर्टलवर नाही म्हणून रजा रद्द होत आहे, असे मला कोणत्याही मार्गाने कळवण्यात आले नाही."

मी हे लिहायला तयार नव्हतो. म्हटलं, काका, आपणच कशाला सांगायचं? ते म्हणाले, त्यांच्या हातात एकच पत्ता आहे आणि तो हाच आहे. तू आधी टाकलास तर तो पत्ता संपला. त्यांनी टाकला तर तू लपवलंस असं होईल. बरं, चूक सांगताना माफी मागायची गरज नाही, सबबही सांगायची नाही. वायफाय चालत नव्हतं वगैरे मी लिहिलं होतं, ते काढलं. समितीनं विचारलं तर तोंडी सांगायचं. त्यांनी विचारलंच.

याच्याच खाली एक ओळ आहे, आणि माझ्या मते सगळं निवेदन त्या ओळीवर तरलं. "माझ्या रजेच्या नोंदीत कोणत्या तारखेला, कोणाच्या लॉगिनमधून बदल झाला, याची प्रणालीतील नोंद समितीने मागवावी व मला दाखवावी, ही विनंती." माझं लॉगिन बंद होतं, मला ते दिसणं शक्य नव्हतं. पण कुठल्याही ॲपमध्ये मागं नोंद राहते, कुणी काय कधी बदललं त्याची. ती मागायला पैसे लागत नाहीत.

कायद्याबद्दल निवेदनात फक्त चार ओळी आहेत. आधी मी इंटरनेटवरून पानभर उतरवलं होतं. त्यात ईएसआय कायद्याचं कलम ७३ होतं, आणि ते वाचून मला वाटलं होतं की आता जिंकलोच. ते कलम सांगत होतं की कामगाराला आजारपणाचा भत्ता मिळत असेल त्या काळात मालकानं त्याला काढायचं नाही, शिक्षा करायची नाही, आणि त्या काळात दिलेली नोटीस वैधच नाही. वाचायला किती सोपं वाटतं.

पण काकांनी १९६३ ची एक केस सांगितली, मद्रासच्या बकिंगहॅम अँड कर्नाटिक मिलची. कामगार रजेवर गेला, रजा संपल्यावर परत आला नाही, आणि नंतर आला तो ईएसआयचा दाखला घेऊन. मिलनं म्हटलं, स्थायी आदेशांत लिहिलंय की आठ दिवस विनारजा गैरहजर राहिलं की नोकरी सोडली असं समजायचं. सुप्रीम कोर्टानं मिलचं मान्य केलं. कलम ७३ मालकाला शिक्षा म्हणून काढू देत नाही, पण स्थायी आदेशानं नोकरी आपोआप संपली तर तिथं ते कलम पोचत नाही, असा त्याचा अर्थ निघाला. आता माझं पत्र आठवा. ‘स्वतःहून नोकरी सोडली असं समजण्यात येत आहे.’ ती भाषा उगाच नव्हती. ‘काढलं’ हा शब्द त्या पत्रात कुठंच नव्हता.

मग काकांनी दुसरी केस सांगितली. १९९३, डी. के. यादव विरुद्ध जे. एम. ए. इंडस्ट्रीज. यातही आठ दिवसांपेक्षा जास्त गैरहजर, म्हणून नोकरी सोडली असं समजलं. कामगार म्हणत होता की मी गेटवर आलो होतो, मला आत घेतलं नाही. सुप्रीम कोर्टानं सांगितलं की स्थायी आदेशात काहीही लिहिलेलं असो, माणसाला त्याची बाजू मांडू न देता असं संपवता येणार नाही. त्याला परत कामावर घ्यायला लावलं आणि मागचा निम्मा पगार द्यायला लावला. म्हणजे तीस वर्षांत गाडी बरीच पुढं आली.

आणि तिसरी गोष्ट आपल्या महाराष्ट्राची. अनुचित कामगार प्रथांचा १९७१ चा कायदा. पुण्यात सगळे त्याला ‘पल्प’ म्हणतात. त्याला अनुसूची जोडलेल्या आहेत. चौथ्या अनुसूचीत पहिलीच बाब कामावरून काढण्याबद्दल आहे, आणि तिच्यात एक पोटबाब अशी की विनारजा गैरहजेरीचा खोटा किंवा रचलेला आरोप ठेवून काढणं ही अनुचित प्रथा आहे. अगदी माझंच वर्णन. बघा, इथंही परत तोच प्रश्न येतो. रजा होती की नव्हती? आजार किती मोठा, हे त्यात कुठंच नाही.

म्हणून निवेदनातल्या चार ओळी अशा झाल्या: "२४ जुलै रोजी मी प्रमाणित उपचारांखाली व मंजूर रजेवर होतो. माझी बाजू न ऐकता सेवा संपवणे हे डी. के. यादव या निकालाशी विसंगत आहे. मंजूर रजेला विनारजा गैरहजेरी ठरवणे हे १९७१ च्या अधिनियमातील अनुसूची चारच्या बाब १ मध्ये येते. कलम ७३ चा माझा हक्क मी राखून ठेवत आहे." ७३ ला शेवटी टाकलं. सगळा भार त्याच्यावर टाकला नाही, आणि सोडूनही दिलं नाही.

त्यात माझी एक कच्ची बाजू होती, ती पण सांगतो. कलमात ‘भत्ता मिळत असताना’ असं होतं. आजारपणाचा भत्ता, म्हणजे पगाराच्या ७० टक्के, त्यासाठी दाखल्याबरोबर दावा भरून द्यावा लागतो. मी गावी पडून होतो, दावा भरलाच नव्हता. म्हटलं, परत गेल्यावर एकदम भरू. त्यामुळे २४ जुलैला माझ्या खात्यात त्यातला एक रुपयाही आलेला नव्हता. समितीत हा मुद्दा कुणी काढला नाही, पण कोर्टात गेलो असतो तर कंपनीच्या वकिलानं पहिल्या दिवशी काढला असता.

आता समितीबद्दल थोडं. २० किंवा जास्त कामगार असतील तिथं अशी समिती असायलाच पाहिजे, निम्मे सदस्य कामगारांचे. आमच्यात सहा जण होते. मी ३१ जुलैला बेंबळीच्या पोस्टातून स्पीड पोस्टनं अर्ज पाठवला, आणि तोच मेलही केला. त्या वेळच्या कायद्यानं अर्ज मिळाल्यापासून ४५ दिवसांत समितीनं काम संपवायचं होतं. कंपनीनं आधी सांगून पाहिलं की तू आता कामगारच नाहीस, मग तक्रार कसली? कामगार सदस्यांनी धरून ठेवलं की तो आहे की नाही हीच तर तक्रार आहे.

पण समिती म्हणजे कोर्ट नाही. तिच्याकडं अर्ज दिला म्हणून बाहेरची मुदत थांबत नाही. पल्प कायद्याखाली तक्रार करायला ९० दिवस होते. २४ जुलैपासून मोजले तर २२ ऑक्टोबर, आणि तो रविवार. काकांनी कॅलेंडरवर १६ ऑक्टोबरला गोल केला. म्हणाले, समिती गोड बोलत राहिली तरी या दिवशी तू वकिलाकडं बसलेला पाहिजेस. पत्र हातात पडलं त्या तारखेपासून मोजायचा मोह होतो. मोजायचं पत्रावरच्या तारखेपासून, म्हणजे वादच नको. एक सांगतो, २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या नव्या कामगार संहिता लागू झाल्यात, समितीत आता दहापर्यंत सदस्य असू शकतात आणि तिला ३० दिवसांत काम संपवायचं आहे. त्यामुळे आज कुणाला असं पत्र आलं तर माझे आकडे पाठ करून जाऊ नका, पहिल्याच आठवड्यात कामगार वकिलाला नाहीतर युनियनला मुदत विचारा.

निवेदन पाठवलं, पण तेवढ्यावर थांबलो नाही. ५ ऑगस्टला चाकणला जाऊन ईएसआयच्या डॉक्टरला दाखवलं. त्यांनी ७ तारखेपासून कामाला योग्य असा शेवटचा दाखला दिला. ७ ऑगस्टला, सोमवारी, पहिल्या पाळीला गेटवर गेलो. सिक्युरिटीवाल्या दादांनी नाव यादीत नाही म्हणून अडवलं. ओळखीचे होते, त्यांनाच वाईट वाटत होतं. मी भांडलो नाही. गेटवरच उभं राहून मेल टाकला की मी आज सकाळी ६.४० वाजता योग्यतेच्या दाखल्यासह कामावर हजर झालो आहे, मला आत घेतलं नाही. का? तर यादवच्या केसमध्ये गेटवर आला होता की नव्हता हाच वाद होता. माझ्याबाबत तो वाद राहू नये.

सुनावणी १८ ऑगस्टला झाली. मला वाटलं होतं मोठं टेबल, सूटबूट. साधी ट्रेनिंगची खोली, प्लास्टिकच्या खुर्च्या. निवेदन वाचायला आठ मिनिटं लागली. मग एचआरच्या सरांनी विचारलं, "रजा मंजूर होती हे मान्य. पण मंजुरी दाखल्यावर अवलंबून असते. दुसरा दाखला आला नाही म्हणून रजा रद्द झाली. मग तुम्ही रजेवर कसे?"

मी इथं उत्तर पाठ करून गेलो होतो आणि ते विसरलो. नुसतं विचारलं, "सर, रद्द कधी झाली?"

ते म्हणाले, "१० जुलैपासून."

मी म्हणालो, "कधीपासून नाही सर, कधी? कुठल्या दिवशी कुणी बटण दाबलं?"

मग त्या बाईंनी, पाकीट मागितलं होतं त्यांनी, आयटीतून नोंद मागवायला सांगितली. अर्ध्या तासानं एक कागद आला. त्यावर होतं की रजा २१ जुलैला एचआरच्या लॉगिनमधून रद्द केली, आणि लागू केली १० जुलैपासून. म्हणजे मागच्या तारखेनं.

आता हिशोब तुम्हीच करा. पहिली नोटीस १३ जुलैची, दुसरी १८ ची. दोन्ही नोटिसांमध्ये मला विनापरवानगी गैरहजर म्हटलंय. आणि त्या दोन्ही दिवशी त्यांच्याच ॲपवर माझी रजा `Approved` होती. २१ ला रद्द केली आणि २४ ला पत्र. मधले दोन दिवस, त्यातला एक रविवार. खोलीत कुणी काही बोललं नाही. एचआरचे सर कागद उलटा करून मागं काही आहे का बघत होते.

त्यांनी अजून एक विचारलं, की आजारी माणूस चारशे किलोमीटरच्या आसपास प्रवास करून गावी कसा जातो? हा प्रश्न तुम्हालाही विचारतील. ईएसआयचा नियमच आहे की उपचार चालू असताना डॉक्टरच्या परवानगीशिवाय तो भाग सोडायचा नाही. आपण सगळे आजारी पडलो की पहिली एसटी धरतो, आणि तिथंच दावा फसतो. माझ्याकडं १० जुलैची लेखी परवानगी होती, जोडपत्र ४. मी ती दिली. अंतर त्यांनी जास्त सांगितलं होतं, ते मात्र मी सुधारत बसलो नाही.

आता शेवटचा परिच्छेद, मागण्यांचा. पहिल्या मसुद्यात मी लिहिलं होतं, ‘मला न्याय मिळावा’. काका म्हणाले, न्याय म्हणजे काय ते लिही, नाहीतर ते तुला एक महिन्याचा पगार आणि शुभेच्छा देतील. मग असं लिहिलं.

"२४ जुलैचे पत्र मागे घ्यावे. माझी सेवा १२ ऑगस्ट २०१९ पासून अखंड धरावी. ७ ऑगस्टपासून मी कामावर येण्यास तयार असल्याने त्या तारखेपासूनचे वेतन द्यावे. माझ्या नोंदीतील ‘फरार’ अर्थाचा शेरा काढावा, व भविष्य निर्वाह निधीच्या खात्यात सेवा सोडल्याची तारीख टाकली असल्यास ती दुरुस्त करून त्याची प्रत मला द्यावी."

शेवटची मागणी छोटी वाटते, पण उद्या दुसऱ्या कंपनीत गेलात की ते जुन्या कंपनीला विचारतात. तिथं `Absconding` लिहिलेलं असेल तर मुलाखत कितीही चांगली होऊ दे. आणि पीएफच्या खात्यावर सोडल्याची तारीख एकदा पडली की ती काढायला परत त्याच कंपनीच्या मागं फिरावं लागतं. मी तपासलं तेव्हा तारीख पडलेलीच होती, २४ जुलै.

१३ सप्टेंबरला निर्णय आला. पत्र मागं घेतलं. सेवा अखंड धरली. शेरा काढला, पीएफची तारीख दुरुस्त झाली, त्याला वेळ लागला पण झाली. पगार मात्र दिला नाही. ७ ऑगस्टपासून कामावर घेईपर्यंतचा काळ बिनपगारी रजा धरला. कारण दिलं की दाखला पोर्टलवर न टाकण्यात माझाही दोष आहे.

मी १८ सप्टेंबरला कामावर गेलो, गणपतीच्या आदल्या दिवशी. हजर होण्याच्या कागदावर सही करताना खाली एक ओळ लिहिली, ‘वेतनाबाबतची हरकत राखून’. काका म्हणत होते, पल्पखाली त्या सहा आठवड्यांच्या पगारासाठी तक्रार कर, मुदत अजून आहे. १६ ऑक्टोबरचा गोल कॅलेंडरवर तसाच होता. मी वकिलाकडं गेलो नाही. बहिणीचं लग्न तोंडावर होतं, आणि ज्यांच्याविरुद्ध लढायचं त्यांच्याच शेजारच्या टेबलावर रोज बसायचं होतं. बरोबर केलं का, मला आजही ठरवता येत नाही. काकांनी त्यावर कधी बोलून दाखवलं नाही, पण त्यांना पटलं नव्हतं हे मला माहीत आहे.

भत्त्याचा दावा मी नंतर भरला. पहिले दोन दिवस सोडून बाकीचे पैसे आले.

आता प्रश्न विचारा. आणि ज्याच्या फोनमध्ये रजेच्या मंजुरीचा मेल फक्त कंपनीच्या मेलवर येतो, त्यानं आधी हात वर करा, ते आपण आत्ताच बघू.